वाफेच्या नळीभोवतीचे चार अडथळे

दूध डेअरी असो, इचलकरंजीतलं कापड रंगवणारं प्रोसेस हाउस असो किंवा मोठ्या हॉटेलचं लाँड्री खातं असो, बॉयलरपासून यंत्रापर्यंत वाफ नेणारी लाइन सगळीकडे सारखीच दिसते. लोखंडी पाइप, त्यावर रॉकवूलचा थर आणि वरून अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा. मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला हीट ट्रान्सफर शिकताना विद्यार्थी ज्या गणितावर सर्वांत जास्त अडखळतात, ते याच पाइपचं असतं. एकाच गणितात वहन, अभिसरण आणि प्रारण हे तिन्ही प्रकार एकत्र येतात आणि कुठे काय लावायचं हे कळेनासं होतं. खरं तर उष्णतेच्या प्रवासाचे तिन्ही मार्ग इतक्या स्पष्टपणे एका जागी दाखवणारं दुसरं उदाहरण मला माहीत नाही. म्हणून हेच गणित सावकाश सोडवू.

पाइप सहा इंची घेऊ. त्याचा बाहेरचा व्यास १६८.३ मिलिमीटर आणि भिंतीची जाडी ७.१ मिलिमीटर आहे. आत १८० अंश सेल्सिअसची संपृक्त वाफ आहे, म्हणजे साधारण १० बार निरपेक्ष दाबाची. बाहेर शेडमधली हवा ३० अंशांची. पाइपवर ५० मिलिमीटर जाड रॉकवूल आहे आणि त्यावरच्या पत्र्याला रंग दिलेला आहे. प्रश्न एवढाच की दर मीटर लांबीमागे किती उष्णता बाहेर जाते आणि पत्र्याला हात लावला तर तो किती गरम लागेल?

आधी उष्णतेची वाट पाहू. वाफ पाइपच्या आतल्या भिंतीला टेकते आणि तिथे तिचं पाणी होतं. वाहत्या पदार्थाने भिंतीला उष्णता देणं म्हणजे अभिसरण. पुढे ती उष्णता लोखंडातून कणाकणाने सरकत बाहेर येते. इथे कोणताही पदार्थ जागा सोडत नाही, फक्त ऊर्जा पुढे जाते, हे वहन. मग रॉकवूलमधून पुन्हा वहन. शेवटी पत्र्याच्या पृष्ठभागावर वाट दुभंगते. काही उष्णता पत्र्यालगतच्या हवेला मिळते, ती हवा हलकी होऊन वर जाते आणि तिच्या जागी थंड हवा येते. उरलेली उष्णता हवेची मदत न घेता विद्युतचुंबकीय लहरींच्या रूपात समोरच्या भिंतींकडे, छपराकडे आणि जवळ उभ्या असलेल्या माणसाकडे थेट निघून जाते. हे प्रारण. उघड्या स्टीम व्हॉल्व्हच्या बाजूला उभं राहिलं की चेहऱ्याला झळ बसते. गरम हवा तर वर गेलेली असते, म्हणजे ही झळ प्रारणाची.

या वाटेवरचा प्रत्येक टप्पा म्हणजे एक अडथळा मानायचा आणि त्याला औष्णिक रोध म्हणायचं. विद्युत मंडलात व्होल्टेज भागिले रोध म्हणजे प्रवाह. इथे व्होल्टेजच्या जागी तापमानातला फरक आणि प्रवाहाच्या जागी वॅटमध्ये मोजलेली उष्णता. आज आपण विजेवरून उष्णता शिकवतो, पण इतिहासात क्रम उलटा होता. फूरियेचा उष्णतावहनावरचा ग्रंथ १८२२ साली आला आणि ओहमने त्याच धर्तीवर विचार करून १८२७ मध्ये आपला विजेचा नियम मांडला.

एका वॅटला ढकलण्यासाठी किती अंशांचा फरक लागतो, तो आकडा म्हणजे रोध. त्याचं एकक केल्व्हिन प्रति वॅट. नळीच्या गोल थरातून होणाऱ्या वहनासाठी आणि पृष्ठभागावरच्या अभिसरणासाठी सूत्रं अशी:

```
R_wahan     = ln(r2/r1) / (2 π k L)
R_abhisaran = 1 / (h A)
```

पहिल्या सूत्रात लॉगॅरिदम येतो याचं कारण पाइपचा गोल आकार. सपाट भिंतीत उष्णतेला सगळीकडे तेवढंच क्षेत्रफळ मिळतं. नळीत मात्र ती बाहेर सरकते तसा परीघ वाढत जातो आणि वाट रुंदावते. परीक्षेत सपाट भिंतीचं सूत्र इथे लावणारे बरेच असतात. लोखंडाची भिंत पातळ असल्यामुळे तिथे त्याने फारसं बिघडत नाही, पण जाड रॉकवूलच्या बाबतीत उत्तर चुकतं.

आता एकेक आकडा काढू. लांबी १ मीटर.

आतल्या बाजूला वाफेचं पाणी होताना सुप्त उष्मा सुटतो, त्यामुळे तिथला अभिसरण गुणांक फार मोठा असतो. आपण ५,००० वॅट प्रति चौरस मीटर प्रति केल्व्हिन धरू. आतलं क्षेत्रफळ ०.४८४ चौरस मीटर भरतं आणि रोध येतो ०.०००४. लोखंडाची उष्णतावाहकता ५० धरली तर भिंतीचा रोध ०.०००३. रॉकवूलची वाहकता या तापमानाला साधारण ०.०४५, त्यामुळे त्याचा रोध १.६५.

इथे क्षणभर थांबायला हवं. रॉकवूलचा रोध लोखंडाच्या रोधाच्या हजारो पट आहे. पाटाच्या वाटेत एकच अरुंद मोरी असली की शेतात किती पाणी येणार हे ती मोरी ठरवते, पाटाची रुंदी नाही. एकापाठोपाठ एक जोडलेल्या रोधांचंही तसंच आहे. पाइप लोखंडाऐवजी तांब्याचा केला तर तांब्याची वाहकता लोखंडाच्या सात-आठ पट असूनही उत्तरात काही फरक पडणार नाही. भिंत दुप्पट जाड केली तरीही पडणार नाही. प्रत्यक्ष काम करणारा अभियंता आतले दोन रोध एका नजरेत बाजूला ठेवतो, पण ते का सोडले हे त्याला सांगता आलं पाहिजे. पाइपमध्ये वाफेऐवजी गरम हवा असती, तर आतला गुणांक ५,००० वरून २०-३० वर आला असता आणि तो रोध सोडून देता आला नसता.

बाहेरचा पृष्ठभाग हा गणिताचा खरा अवघड भाग. तिथे अभिसरण आणि प्रारण एकाच वेळी, एकाच पृष्ठभागावरून होतात. वाट दुहेरी, म्हणून हे दोन रोध समांतर. अनेक विद्यार्थी त्यांची एकसर बेरीज करतात आणि उष्णतेला अडवणारा अडथळा नसताना वाढवून ठेवतात. दोन दरवाजे उघडे असताना वाट सोपी होते, अवघड नाही. सोपा उपाय म्हणजे दोन्ही गुणांकांची बेरीज करायची आणि तिच्यावरून एकच रोध काढायचा.

पण प्रारणाचा गुणांक आणायचा कुठून? स्टेफानने १८७९ मध्ये मांडलेल्या आणि १८८४ मध्ये बोल्ट्झमनने सिद्धान्तातून मिळवलेल्या नियमानुसार प्रारण निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढतं. रोधाच्या पद्धतीत तर सरळ तापमानफरक हवा. म्हणून चौथ्या घातांच्या वजाबाकीचे अवयव पाडायचे, तापमानफरक बाजूला काढायचा आणि उरलेल्याला प्रारणाचा गुणांक म्हणायचं:

```
h_r = ε σ (Ts² + Ta²)(Ts + Ta)
σ   = 5.67 × 10⁻⁸ W/m²K⁴
```

इथे ε म्हणजे उत्सर्जकता, पृष्ठभाग किती मोकळेपणाने प्रारण करतो त्याचा शून्य ते एकमधला आकडा. जवळजवळ कुठल्याही रंगाच्या ऑइल पेंटसाठी तो ०.९ च्या आसपास असतो, पांढऱ्यासाठीसुद्धा. तापमानं केल्व्हिनमध्येच घालायची. या एका सूत्रात सेल्सिअस घातलं की सगळं कोसळतं, आणि उत्तर दिसायला मात्र साळसूद असतं.

अडचण अशी की Ts, म्हणजे पत्र्याचं तापमान, हेच तर आपल्याला काढायचं आहे. ते माहीत असल्याशिवाय गुणांक मिळत नाही आणि गुणांकाशिवाय ते मिळत नाही. यावर उपाय अंदाज आणि पडताळणी. समजा पत्रा ५० अंशांचा आहे. आडव्या नळीभोवतीच्या संथ हवेसाठी अभिसरणाचा गुणांक साधारण ३.९ येतो आणि प्रारणाचा ६.३. बेरीज सुमारे १०. पत्र्याचं क्षेत्रफळ ०.८४३ चौरस मीटर, म्हणून बाहेरचा रोध ०.११७. एकूण रोध १.७७. तापमानफरक १५० अंश, त्याला १.७७ ने भागलं की ८५ वॅट. आता उलट तपासू. ८५ वॅट ०.११७ च्या रोधातून जायला १० अंश लागतात, म्हणजे पत्रा ५० नव्हे, ४० अंशांचा हवा. ४० धरून पुन्हा केलं की गुणांकांची बेरीज ९.२, रोध ०.१२९, उष्णता ८४ वॅट आणि पत्रा ४१ अंश. तिसऱ्या फेरीत काहीच हलत नाही. गणित सुटलं.

पहिला अंदाज १० अंशांनी चुकला तरी उष्णतेचं उत्तर ८५ वरून ८४ वरच आलं, हे लक्षात घ्यावं. बाहेरचा रोध एकूण रोधाच्या जेमतेम चौदावा हिस्सा आहे, म्हणून त्यातली चूक उत्तरात पातळ होऊन उतरते. कोणता आकडा काटेकोर हवा आणि कोणता ढोबळ चालेल, हे रोधांची यादी मांडली की आपोआप दिसतं. ही पद्धत शिकवण्यामागचं माझ्या मते खरं कारण हेच आहे. रॉकवूलच्या वाहकतेत दहा टक्के चूक झाली तर उत्तरही जवळजवळ तेवढंच चुकेल, पण हवेच्या गुणांकात तीच चूक झाली तर टक्काभरही फरक पडणार नाही.

आता हाच पाइप उघडा ठेवू. रॉकवूल गेलं की वाटेत आतले दोन नगण्य रोध आणि बाहेरचा एक, एवढेच उरतात. लोखंडाचा पृष्ठभाग जवळजवळ १८० अंशांचा होतो. गंजलेल्या लोखंडाची उत्सर्जकता ०.८ धरली तर प्रारणाचा गुणांक १०.२ आणि अभिसरणाचा ७.२. रोध ०.१०९. उष्णता सुमारे १,३७० वॅट प्रति मीटर, आणि त्यात प्रारणाचा वाटा निम्म्याहून जास्त. १०० मीटर लाइन अशी उघडी राहिली तर तासाला जवळजवळ २४५ किलो वाफेचं वाटेतच पाणी होईल. तीच लाइन ५० मिलिमीटर रॉकवूलखाली असेल तर साधारण १५ किलो.

रॉकवूल दुप्पट, म्हणजे १०० मिलिमीटर, केलं तर? उष्णता ८४ वरून ५२ वॅटवर येते. पहिल्या ५० मिलिमीटरने १,२८० हून अधिक वॅट वाचवले, पुढच्या ५० ने फक्त ३२. शिवाय बाहेरच्या थराला माल आणि पत्रा दोन्ही जास्त लागतात. इन्शुलेशनची जाडी कुठे थांबवायची हे या घसरत्या लाभावरून ठरतं. महाग इंधनाच्या ठिकाणी ती जास्त ठेवतात, उसाच्या चिपाडावर बॉयलर चालतो तिथे हिशोब वेगळा असतो.

वाऱ्याचं काय? लाइन शेडबाहेर काढली आणि सेकंदाला पाच मीटरचा वारा सुटला, तर उघड्या पाइपची हानी १,३७० वरून २,४०० वॅटच्या आसपास जाते. झाकलेल्या पाइपची मात्र ८४ वरून ८८ वर. वाऱ्याने बाहेरचा रोध खाल्ला, पण तिथे मोठा अडथळा दुसराच होता.

पत्र्याच्या रंगाची गोष्ट सर्वांना चकवणारी आहे. रंग न देता नवा, चकचकीत अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा तसाच ठेवला तर त्याची उत्सर्जकता ०.१ च्या आसपास असते. प्रारणाची वाट जवळजवळ बंद झाली. बाहेरचा रोध दुप्पट होऊन ०.२६ झाला, उष्णता ८४ वरून ७८ वॅटवर आली. पण पत्र्याचं तापमान ४१ वरून ५० अंशांवर चढलं. उष्णता कमी जाते आणि पत्रा जास्त गरम लागतो! यात विसंगती काही नाही. उष्णतेला बाहेर पडायला आता फक्त हवाच उरली, म्हणून तेवढीच उष्णता हवेला देण्यासाठी पत्र्याला जास्त तापावं लागतं. त्यामुळे दोन लाइनींवर हात ठेवून ‘ही गरम, म्हणजे हिचं इन्शुलेशन खराब’ असं म्हणणं चुकीचं ठरू शकतं. कामगारांना भाजू नये एवढाच हेतू असेल तर रंगवलेला पत्रा बरा.

याच उत्सर्जकतेमुळे इन्फ्रारेड थर्मामीटर फसतो. बंदुकीसारखं हे उपकरण पृष्ठभागाचं प्रारण मोजतं आणि उत्सर्जकता ०.९५ आहे असं गृहीत धरून तापमान दाखवतं. चकचकीत पत्रा स्वतः प्रारण फार कमी करतो आणि भोवतालच्या ३० अंशांच्या भिंतींचं प्रारण आरशासारखं परत पाठवतो. उपकरणाला दिसतात मुख्यतः त्या भिंतीच. आपला ५० अंशांचा पत्रा ते ३२ अंशांच्या आसपास दाखवेल. एनर्जी ऑडिटच्या अहवालात असे आकडे निर्धास्त छापलेले असतात. उपाय स्वस्त आहे. पत्र्यावर इलेक्ट्रिशियनची काळी टेप चार बोटं चिकटवायची, ती पत्र्याच्या तापमानाला येईपर्यंत काही मिनिटं थांबायचं आणि मोजमाप टेपवर घ्यायचं. टेपची उत्सर्जकता रंगासारखी जास्त असते, म्हणून आकडा खरा येतो.

प्रत्यक्ष कारखान्यात उष्णता गळते ती बहुधा सरळ पाइपवरून नाही. व्हॉल्व्ह आणि फ्लँज उघडे असतात, कारण दुरुस्तीला झाकण काढावं लागतं आणि एकदा काढलेलं परत बसत नाही. उघडा व्हॉल्व्ह साधारण एक मीटर उघड्या पाइपएवढी उष्णता टाकतो असा ठोकताळा आहे. आपल्या आकड्यांत तो १,३७० वॅट, म्हणजे १६ मीटर झाकलेल्या लाइनइतका. सहा उघडे व्हॉल्व्ह म्हणजे जवळजवळ १०० मीटर झाकलेली लाइन. रोधांच्या भाषेत ही समांतर वाट झाली. शेजारी जाडजूड रॉकवूल असूनही उष्णता त्या उघड्या जागेतून निघून जाते, आणि रॉकवूलची जाडी वाढवून या जागेचं काहीच सुधारत नाही. व्हॉल्व्हवर बांधायची, बंदांनी सोडता येणारी जाकिटं मिळतात. त्यांचा खर्च इथे पहिल्यांदा करावा.

दुसरी जागा ओल्या रॉकवूलची. ती कळायला रॉकवूल काम कसं करतं ते पाहावं लागतं. ते स्वतः फार मोठं उष्णतारोधक नाही. दगड वितळवून काढलेल्या त्या तंतूंमध्ये हवा कोंडलेली असते, आणि स्थिर हवेची वाहकता फक्त ०.०२६ च्या जवळपास असते. मग नुसती ५० मिलिमीटरची पोकळी का ठेवत नाहीत? कारण मोकळ्या हवेत अभिसरणाचे प्रवाह सुरू होतात आणि १८० अंशांचा पाइप पोकळीपलीकडच्या पत्र्याकडे थेट प्रारण करतो. तंतू हवेला फिरू देत नाहीत आणि प्रारण जागोजागी अडवतात. उरतं ते वहन, तेही हवेचं.

पावसाचं पाणी पत्र्याच्या सांध्यातून आत शिरलं की या हवेची जागा पाणी घेतं, आणि पाण्याची वाहकता ०.६, म्हणजे हवेच्या वीस पटींहून जास्त. समजा ओल्या भागाची वाहकता चौपट झाली. रॉकवूलचा रोध १.६५ वरून ०.४१ वर येतो, उष्णता ८४ वरून २८७ वॅटवर जाते आणि रंगवलेला पत्रा ४१ ऐवजी ६१ अंशांचा होतो. २० अंशांचा हा फरक हाताला किंवा टेपवर धरलेल्या उपकरणाला सहज कळतो. अट एकच, की तुलना त्याच लाइनवरच्या, तशाच रंगवलेल्या कोरड्या भागाशी करायची. लाइन दर आठवड्याला बंद होत असेल तर आणखी एक धोका. गार झालेल्या लोखंडाला ओलं रॉकवूल चिकटून राहतं आणि पत्र्याच्या आड पाइप गंजत जातो. बाहेरून तो दिसत नाही.

पाणी आडव्या लाइनच्या तळाशी साचतं, म्हणून पावसाळ्यानंतर मोजमाप तळाच्या बाजूने घ्यावं. ओला तुकडा वाळेल म्हणून पत्र्याआड तसाच ठेवू नये. तो कापून काढावा आणि नवीन मॅट बांधताना पत्र्याचा सांधा खालच्या अंगाला, पाणी बाहेर ओघळेल असा, वरचा पत्रा खालच्यावर चढवून बसवावा.